दूध कुणाच्या खात्यावर? एका स्प्रिंट रिव्ह्यूची गोष्ट

पहाटे सहाच्या सुमाराला गावातल्या दूध संकलन केंद्रावर रांग लागते. किटली काट्यावर चढते, दुधाचा नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफचे आकडे दिसतात, सचिव उत्पादकाचा क्रमांक टाकतो आणि पावती निघते. एकेका उत्पादकाच्या वाट्याला फार तर मिनिटभर येतं. या घाईत १४२च्या जागी १२४ टाकला गेला, की एकाचं दूध दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं. दहा दिवसांचं बिल निघेपर्यंत हे कुणाच्या लक्षात आलं नाही, तर पैसेही तिकडेच जातात.

उदाहरण म्हणून असं धरू, की एका दूध संघाने संकलनाचं नवं सॉफ्टवेअर करायला दिलं आहे आणि पुण्यातली सात-आठ जणांची टीम ते लिहिते आहे. टीम स्क्रम पद्धतीने काम करते. म्हणजे वर्षभराचं काम एकदम हातात न घेता दोन-दोन आठवड्यांचे टप्पे पाडते. अशा टप्प्याला स्प्रिंट म्हणतात. करायच्या कामांची एक क्रमवार यादी असते, तिला बॅकलॉग म्हणतात. यादीत काय असावं आणि आधी काय घ्यावं हे ठरवण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीवर असते, ती प्रॉडक्ट ओनर. आपल्या उदाहरणात या संघाच्याच संगणक विभागातल्या एक अधिकारी आहेत. प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी, जे तयार झालं ते ज्यांना वापरायचं आहे आणि ज्यांचे पैसे त्यात गुंतले आहेत अशा लोकांपुढे ठेवायचं आणि पुढे काय करायचं हे त्यांच्याबरोबर ठरवायचं, यासाठी जी बैठक होते ती स्प्रिंट रिव्ह्यू.

या बैठकीबद्दल नेमका गैरसमज असतो. डेमो म्हणजे टीमने दोन आठवड्यांचा हिशेब द्यायचा, समोरच्यांनी माना डोलवायच्या आणि चहा घेऊन उठायचं, अशी तिची रीत अनेक ठिकाणी पडली आहे. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये स्क्रमची मांडणी एका परिषदेत केली आणि पुढे २०१० मध्ये ‘स्क्रम गाइड’ ही छोटी पुस्तिका लिहिली. २०२० च्या आवृत्तीत त्यांनी स्पष्टच म्हटलं आहे, की रिव्ह्यू ही काम करण्याची बैठक आहे, तिला निव्वळ सादरीकरण होऊ देऊ नये. महिन्याच्या स्प्रिंटसाठी जास्तीत जास्त चार तास, आणि स्प्रिंट लहान असेल तर सहसा त्याहून कमी, एवढी वेळेची मर्यादाही त्यांनी घातली आहे. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला दीड-दोन तास पुरतात.

काम करण्याची बैठक म्हणजे काय, ते अमेरिकेच्या एफबीआयच्या अनुभवातून कळतं. तपासाची कागदपत्रं संगणकावर आणण्याचा त्यांचा ‘व्हर्च्युअल केस फाइल’ हा प्रकल्प सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये सोडून द्यावा लागला. त्यानंतर ‘सेंटिनेल’ नावाचा दुसरा प्रकल्प २००६ मध्ये एका मोठ्या कंत्राटदार कंपनीकडे दिला. तोही रखडला, तेव्हा २०१० मध्ये एफबीआयने काम स्वतःच्या हातात घेतलं, टीम लहान केली आणि दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट सुरू केले. प्रत्येक स्प्रिंटच्या अखेरीस चालणारं सॉफ्टवेअर लोकांसमोर उघडून दाखवायचं, असा दंडक होता. जुलै २०१२ मध्ये सेंटिनेल सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झालं. पण याच प्रकल्पाने डेमोची मर्यादाही दाखवली. २०११ मध्ये शेकडो कर्मचाऱ्यांना एकाच वेळी बसवून चाचणी घेतली, तेव्हा ते मध्येच बंद पडलं. डेमोमध्ये एक माणूस एक स्क्रीन चालवतो. हजार माणसं एकदम आली तर काय होईल, हे त्या खोलीत कधीच दिसत नाही. त्याची तपासणी वेगळीच करावी लागते.

आता पुन्हा दूध संघाकडे येऊ. या स्प्रिंटचं उद्दिष्ट एका वाक्याचं होतं : चुकीच्या क्रमांकावर पडलेली नोंद सचिवाला बिल निघण्याआधी दुरुस्त करता यावी आणि कुणी, केव्हा, काय बदललं याचा माग राहावा. डेमोची तयारी या वाक्यापासून सुरू होते. टीमने दोन आठवड्यांत बारा-तेरा लहानमोठी कामं केलेली असतात. ती एकेक करून दाखवायला गेलं, की पाहणाऱ्याला तुकडे दिसतात आणि वापर दिसत नाही. म्हणून प्रॉडक्ट ओनर आणि टीम एकच प्रसंग निवडतात. सकाळच्या संकलनात १४२ क्रमांकाच्या उत्पादकाचं ८.४ लिटर गाईचं दूध १२४च्या नावावर गेलं. १४२च्या घरून दुपारी फोन आला. सचिवाने नोंद शोधली, ती योग्य क्रमांकावर नेली, कारण लिहिलं आणि दोघांच्या बिलाचा अंदाज पुन्हा पाहिला. हे सगळं दाखवायला दहा-बारा मिनिटं लागतात. राहिलेला वेळ बोलण्यासाठी मोकळा राहतो, आणि तो राखणं हे तयारीतलं मोठं काम आहे.

या प्रसंगासाठी माहिती आधी भरून ठेवावी लागते आणि तिथेच पुष्कळ डेमो फसतात. उत्पादकाचं नाव ‘टेस्ट १’, फॅट १०, दूध १०० लिटर, दर १ रुपया, असे आकडे पडद्यावर आले, की सचिवाचं लक्ष सॉफ्टवेअरवरून उडून त्या आकड्यांवर जातं. असं दूध कुठल्या गाईचं, हाच प्रश्न त्याच्या मनात येतो. उलट फॅट ३.९, एसएनएफ ८.४ आणि संघाच्या दरपत्रकातला दर दिसला, की तो आपलं केंद्र समजून बघायला लागतो. आपल्या उदाहरणात दर ३२.४० रुपये धरला आहे, म्हणजे ८.४ लिटरचे २७२.१६ रुपये होतात. नावं मात्र बनावट हवीत आणि मोबाइल क्रमांक टीमच्याच एखाद्या फोनचा हवा. खऱ्या उत्पादकाचा क्रमांक राहून गेला तर त्याच्या फोनवर पैसे वळते झाल्याचा खोटा संदेश जाऊ शकतो, आणि असा एक संदेश गावभर व्हायला वेळ लागत नाही.

दुसरा प्रश्न, काय दाखवायचं नाही हा. प्रत्येक स्क्रम टीमची ‘पूर्ण’ कशाला म्हणायचं याची लिखित व्याख्या असते. या टीमच्या व्याख्येत केंद्रावरच्या छोट्या प्रिंटरवर पावती नीट छापली जाणं हेही येत होतं. दुरुस्तीची पावती पडद्यावर उत्तम दिसत होती, पण त्या प्रिंटरवर ‘दुरुस्ती’मधला उकार सुटून बाजूला पडत होता आणि जोडाक्षरं फुटत होती. लिहिणाऱ्या मुलाचं म्हणणं, पडद्यावर दाखवून टाकू, छपाई पुढच्या आठवड्यात होईल. हा मोह टाळायलाच हवा. जे दाखवलं ते तयार आहे, असंच समोरचा माणूस गृहीत धरतो आणि सोमवारी केंद्रावर मागणी करतो. स्क्रम गाइडही हेच सांगतं : व्याख्येत न बसणारं काम रिव्ह्यूत मांडायचं नाही, ते बॅकलॉगमध्ये परत जातं. ते झालं नाही हे बैठकीत सांगायचं मात्र नक्की. लपवाछपवी एकदा उघड झाली, की पुढच्या प्रत्येक डेमोकडे लोक संशयाने बघतात.

रंगीत तालीम आदल्या दिवशी, त्याच यंत्रणेवर आणि शक्य असेल तर त्याच खोलीत घ्यावी. शेवटच्या रांगेतून आकडे वाचता येतात का, संघाच्या कार्यालयातलं इंटरनेट गेलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट लगेच जोडता येतो का, या गोष्टी तेव्हाच कळतात. तालमीनंतर त्या यंत्रणेवर नवा कोड चढवायचा नाही, हा नियम टीमने स्वतःच्या भल्यासाठी पाळायचा असतो. एक छोटीशी दुरुस्ती म्हणून रात्री कोड चढवला आणि सकाळी लॉगिनच बंद पडलं, हा या व्यवसायातला जुना अनुभव आहे.

या तालमीत एक विशेष गोष्ट घडली असं धरू. तालीम २० तारखेला होती आणि सगळं सुरळीत झालं. उठता उठता चाचणी करणाऱ्या मुलीने विचारलं, “उद्या २१ तारीख आहे ना?” संघाची बिलं १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर अशा तीन मुदतींत निघतात. डेमोची नोंद १९ तारखेची होती. म्हणजे रिव्ह्यूच्या सकाळी तिची मुदत बंद झालेली असणार आणि दुरुस्तीचं बटणच दिसणार नाही. टीमने घाईघाईने नोंद २१च्या सकाळची केली आणि सुटकेचा श्वास सोडला. डेमो वाचला. पण डेमो सांभाळण्यासाठी जी वाट बदलावी लागली, ती प्रत्यक्षात सचिवाला बदलता येणार आहे का, हा विचार त्या क्षणी कुणाच्या मनात आला नाही. तालमीत अशी एखादी बगल दिली गेली, की ती तिथल्या तिथे लिहून ठेवावी. पुढचं महत्त्वाचं काम पुष्कळदा तिच्यातच दडलेलं असतं.

बोलवायचं कुणाला, हे उद्दिष्टावरून ठरतं. संचालक आणि विभागप्रमुख येणारच. पण या स्प्रिंटला दोन केंद्रांचे सचिव, बिलं काढणारे लेखापाल, केंद्रांवर देखरेख करणारे संकलन पर्यवेक्षक आणि एखादा दूध उत्पादक यांच्याशिवाय बैठक अपुरी. निमंत्रण तीन-चार दिवस आधी जावं आणि त्यात उद्दिष्टाचं ते एक वाक्य असावं. वेळही पाहावी लागते. सकाळचं संकलन आटोपून, टँकर रवाना करून सचिव मोकळा होतो तो अकराच्या पुढे, आणि संध्याकाळच्या संकलनासाठी त्याला चारला निघावं लागतं. पुण्यातल्या टीमला सोयीची सकाळी नऊची वेळ ठेवली, तर ज्याच्यासाठी सगळं चाललं आहे तोच येणार नाही.

बैठकीच्या दिवशी प्रॉडक्ट ओनरने दोन मिनिटांत उद्दिष्ट सांगितलं, पावतीची छपाई राहिली हे सांगितलं आणि लॅपटॉप एका सचिवापुढे सरकवला. टीमने स्वतः चालवून दाखवणं सोपं असतं, कारण बटण कुठे आहे हे तिला ठाऊक असतं. सचिवाला फक्त एवढंच सांगितलं, “१४२चं दूध १२४वर गेलंय. तुमच्या केंद्रावर झालं असतं तर काय केलं असतं, तसं करा.” त्याने यादी उघडली, चुकीची ओळ बरोबर हेरली आणि त्या ओळीवरच बोट ठेवलं. काही झालं नाही. पुन्हा ठेवलं. दुरुस्तीचं बटण उजवीकडे वर कोपऱ्यात होतं. टीममधला एक जण “वर बघा” म्हणणार, तेवढ्यात प्रॉडक्ट ओनरने त्याला हाताने थांबवलं. पंधरा-वीस सेकंदांनी सचिवाला बटण सापडलं. तो तक्रारीचा एक शब्दही बोलला नाही, तरी टीपण घेणाऱ्या मुलीने नोंद केली : ‘ओळीवर दोनदा दाबलं, बटण शोधायला वेळ गेला.’ रिव्ह्यूतला सगळा अभिप्राय तोंडी येत नाही. टीपण घेणारा माणूस डेमो दाखवण्यात गुंतलेला नसावा, तो यासाठी.

मग बोलणं सुरू झालं. लेखापालांचा प्रश्न पहिला आला : “बिल निघाल्यावर चूक सापडली तर?” टीमच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी बगल दिली होती ती याच गोष्टीला. पर्यवेक्षक म्हणाले, दुरुस्तीला माझी मंजुरी हवी, नाहीतर कुणाचंही दूध कुणाच्याही नावावर फिरेल. त्यावर सचिव उसळून म्हणाला, “साहेब, सकाळी साडेसहाला तुम्हाला कुठं शोधू?” कोपऱ्यात बसलेल्या उत्पादकाला प्रॉडक्ट ओनरने मुद्दाम बोलतं केलं, “काका, तुम्हाला काय वाटतं?” ते थोडं थांबून म्हणाले, “माझ्या नावावरचं दूध काढून दुसऱ्याला दिलं, तर मला कळायचं कसं?” विभागप्रमुखांना सगळी माहिती एक्सेलमध्ये हवी होती. एका संचालकांनी पडद्याला संघाचा हिरवा रंग द्यायला सांगितलं.

हे सगळं सूचनांच्या रूपात आलं आणि यातलं एकही जसंच्या तसं बॅकलॉगमध्ये टाकण्यासारखं नव्हतं. सूचना हा समोरच्याने स्वतःच काढलेला तोडगा असतो आणि त्यामागची अडचण त्याने सांगितलेलीच नसते. ‘एक्सेल हवं’ हे त्याचं नमुनेदार उदाहरण. तसंच लिहून घेतलं तर टीम दोन दिवसांत निर्यातीचं बटण करून देईल आणि पुढच्या रिव्ह्यूत विभागप्रमुख त्यात आणखी रकाने मागतील. प्रॉडक्ट ओनरने त्याऐवजी विचारलं, “ती फाइल उघडून तुम्ही काय करता?” उत्तर आलं, की केंद्रांवर नोंदलेलं एकूण दूध आणि टँकरने प्रत्यक्षात आणलेलं दूध यांचा मेळ घालतो आणि जिथे फरक जास्त तिथे माणूस पाठवतो. म्हणजे गरज एक्सेलची नव्हतीच, फरक दाखवणाऱ्या एका पानाची होती. रोज सकाळी ज्या केंद्रांची तूट ठरावीक मर्यादेबाहेर गेली तेवढीच त्यावर दिसली, तर त्यांचे दोन तास वाचतात. ते काम त्या स्वरूपात लिहिलं गेलं. मर्यादा किती धरायची हा प्रश्नही त्याच्याच खाली नोंदवला, कारण त्याचं उत्तर खोलीत कुणाकडेच नव्हतं.

लेखापालांचा प्रश्न सर्वांत जड होता, त्यामुळे त्याच्या वाटेने जरा सावकाश जाऊ. टीमच्या मनात आलेला पहिला उपाय म्हणजे बंद झालेलं बिल पुन्हा उघडू देणं. लेखापालांनी तो लगेच खोडून काढला. बिल निघालं म्हणजे पैसे बँकेत गेले, पशुखाद्याची आणि उचलीची कपात झाली, हिशेब लागला. ते बिल बदललं तर आधी छापलेला कागद आणि संगणक यांचा मेळ राहत नाही आणि लेखापरीक्षणात अडचण येते. मग आज काय करता, असं विचारल्यावर त्यांनी वही दाखवली. जुन्या बिलाला हात न लावता पुढच्या बिलात ‘मागील फरक’ अशी एक ओळ टाकायची, एकाला अधिक आणि दुसऱ्याला उणे. लोकांनी वर्षानुवर्षं हाताने बसवलेली अशी रीत सापडली, की सॉफ्टवेअरचं काम अर्धं होतं. बॅकलॉगमधली नोंद त्यावरून अशी तयार झाली :

> लेखापालाला, बिल निघाल्यावर सापडलेली चुकीची नोंद पुढच्या बिलात ‘मागील फरक’ म्हणून वळती करता यावी, म्हणजे निघालेलं बिल न बदलता दोन्ही उत्पादकांचा हिशेब बरोबर होईल.
>
> काम झालं असं केव्हा म्हणायचं : ११ ते २०च्या निघालेल्या बिलात १४२चे २७२.१६ रुपये १२४कडे गेले असतील आणि लेखापालाने फरक नोंदवला, तर पुढच्या बिलात १४२ला २७२.१६ अधिक आणि १२४ला २७२.१६ उणे दिसावेत. जुनं बिल पुन्हा काढलं तरी त्यातला एकही आकडा बदललेला नसावा. दर मूळ नोंदीच्या दिवसाचा लागावा.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. मधल्या काळात संघाने दर बदलला असेल तर २७२.१६ऐवजी भलताच आकडा येईल, आणि ही चूक डेमोत सहसा दिसत नाही, कारण डेमोच्या माहितीत दर एकच असतो. कामाच्या नोंदीत खरे आकडे घालण्याचा फायदा हाच, की लिहिणारा, तपासणारा आणि मागणारा तिघंही एकाच उत्तराची वाट पाहतात. ‘फरकाची सोय असावी’ एवढंच लिहिलं असतं तर तिघांनी तीन अर्थ काढले असते.

हे लिहिताना आणखी एक पेच निघाला. १२४चं पुढचं बिल २७२ रुपयांहून कमी असेल तर? त्याने मधल्या काळात गाय विकून दूध घालणं बंदच केलं असेल तर? हे सगळं एकाच नोंदीत कोंबलं तर ते एका स्प्रिंटमध्ये मावणार नाही आणि अर्धवट राहील. म्हणून दोन नोंदी केल्या. पहिलीत सरळ प्रकरण, म्हणजे दोघंही दूध घालतात आणि बिल पुरेसं आहे. दुसरीत उरलेली वसुली पुढे नेणं. दुसरी होईपर्यंत अशी प्रकरणं लेखापाल वहीतच ठेवणार, हे त्यांच्याशी बोलून ठरलं. काम तोडताना प्रत्येक तुकडा वापरणाऱ्याच्या स्वतंत्रपणे उपयोगी पडला पाहिजे. ‘आधी डेटाबेस, मग पडदा’ असं तोडलं तर पुढच्या रिव्ह्यूत दाखवायला काहीच उरत नाही.

पर्यवेक्षक आणि सचिव यांच्या वादात प्रॉडक्ट ओनरने खोलीत निकाल दिला नाही, आणि ते योग्यच केलं. सगळ्यांसमोर ठरवलं असतं तर ज्याचा हुद्दा मोठा त्याचं खरं झालं असतं. त्यांनी तो प्रश्न म्हणून नोंदवला आणि दोन दिवसांनी दोघांना एकत्र फोनवर घेतलं. तेव्हा कळलं, की पर्यवेक्षकांची भीती जुन्या नोंदींबद्दल आहे. पाच मिनिटांपूर्वी चुकून टाकलेल्या क्रमांकाबद्दल त्यांना काही म्हणायचं नव्हतं. तोडगा असा निघाला : त्याच वेळच्या संकलनातली नोंद सचिव स्वतः दुरुस्त करेल, ते संकलन बंद झाल्यावरच्या दुरुस्तीला मंजुरी लागेल.

उत्पादक काकांच्या प्रश्नाने सर्वांना एसएमएस सुचला. कल्पना बरोबर आहे, पण ती लगेच होणारी नाही. भारतात संस्थेच्या नावाने असे संदेश पाठवायचे तर ट्रायच्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचं नाव आणि संदेशाचा नमुना डीएलटी व्यवस्थेत आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. त्यामुळे नमुना मंजूर करून घेणं ही वेगळी नोंद झाली आणि ती लगेच सुरू करायची ठरली, कारण तिचा वेळ टीमच्या हातात नाही. तोवर दुसरी, लहान नोंद : ज्याच्या खात्यात बदल झाला त्याच्या पुढच्या पावतीवर ‘दि. २१ सकाळ, ८.४ लि. कमी केले’ अशी एक ओळ छापायची. अर्थात त्यासाठी प्रिंटरवर फुटणारी जोडाक्षरं आधी सुधारायला हवीत. म्हणून गेल्या स्प्रिंटमधून परत आलेलं छपाईचं काम आपोआप वर सरकलं.

सचिवाने ओळीवर दोनदा बोट ठेवलं, त्यातून निघालेलं काम अर्ध्या दिवसाचं होतं : ओळीवर दाबलं तरी दुरुस्तीचा पडदा उघडावा. पण टीपणं पुन्हा वाचताना टीमला आणखी एक गोष्ट दिसली, जी कुणीच मागितली नव्हती. डेमोच्या प्रसंगात १२४च्या नावावर त्या सकाळी दोन नोंदी होत्या, एक त्याची स्वतःची आणि दुसरी १४२ची. म्हणजे चूक होताक्षणीच ती ओळखण्याची खूण माहितीत हजर होती. दुसरी नोंद येताच सॉफ्टवेअरने ‘१२४चं दूध आधीच नोंदलं आहे, क्रमांक तपासा’ असं विचारलं, तर दुरुस्तीची वेळ पुष्कळदा येणारच नाही. फोन करून सचिवांना विचारलं तर ते म्हणाले, विचारा, पण अडवू नका. काही जण गाईचं आणि म्हशीचं दूध वेगवेगळं घालतात, काहींची दुसरी किटली मागून येते. त्यामुळे नोंदीत ही अट आली : इशारा फक्त त्याच प्रकारच्या दुधाला द्यावा आणि एका बटणाने पुढे जाता यावं. रांग थांबता कामा नये.

रंगाची सूचना बॅकलॉगमध्ये गेली नाही. ती आत्ता का घेतली नाही हे संचालकांना दुसऱ्या दिवशी सकाळी गेलेल्या टीपणात लिहिलं होतं. त्या एका पानात प्रत्येक सूचनेसमोर काय झालं हे नोंदवलं होतं : घेतलं, बदलून घेतलं, प्रश्न उभा आहे, किंवा घेतलं नाही आणि त्याचं कारण. हे टीपण चोवीस तासांत जावं. त्याला उशीर झाला तर लोक तीच सूचना पुढच्या बैठकीत पुन्हा मांडतात, आणि दोन-तीनदा असं झालं की यायचंच बंद करतात. रिव्ह्यू नुसताच रिवाज होत चालल्याची खूण यातून ओळखता येते. प्रश्न ‘हे कसं वापरायचं’ याऐवजी ‘किती टक्के झालं’ याकडे वळतात, सचिव आणि लेखापाल गळतात आणि फक्त अधिकारी उरतात, सगळे ‘छान’ म्हणतात आणि बॅकलॉगचा क्रम बैठकीआधी होता तसाच राहतो.

इथे तो बदलला. पुढच्या स्प्रिंटसाठी आधी ठरलेलं पशुखाद्याच्या साठ्याचं काम मागे गेलं. दुसऱ्या नोंदीचा इशारा पहिल्या क्रमांकावर आला, मग छपाई, मग ‘मागील फरक’चा पहिला भाग. टँकरच्या तुटीचं पान खाली राहिलं, कारण मर्यादेचा प्रश्न सुटला नव्हता. त्यासाठी विभागप्रमुखांनी गेल्या तीन महिन्यांच्या तुटीचे आकडे द्यायचं कबूल केलं. पुढच्या रिव्ह्यूचं निमंत्रण जाताना त्यात एक नाव वाढलं, टँकरच्या मार्गावर दूध मोजून घेणाऱ्या कर्मचाऱ्याचं.